फ्रेम टाइमचा ग्राफ कसा वाचायचा: गेम अटकतोय की मुळातच स्लो चालतोय?

गेम नीट चालत नाही म्हणून कोणी तक्रार करतं तेव्हा त्याच्यामागे दोन वेगवेगळी दुखणी असू शकतात. एक म्हणजे गेम सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा जड चालतो, माऊस हलवला की कॅमेरा मागून येतो, पण मध्ये झटका असा बसत नाही. दुसरं म्हणजे गेम मस्त पळत असतो आणि अचानक क्षणभर गच्च थांबतो, परत पळतो, परत थांबतो. पहिल्यात अॅव्हरेज एफपीएस कमी आहे, दुसऱ्यात स्टटर आहे. दोघांचा इलाज वेगळा आहे आणि खर्चही वेगळा. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे मी कितीतरी पोरं बघतो जी स्टटर होतोय म्हणून जुनं ग्राफिक्स कार्ड विकून नवं घेतात, पंधरा-वीस हजार घालतात, आणि नव्या कार्डावरही झटके तिथल्या तिथेच. म्हणून पैसे काढायच्या आधी ग्राफ बघायला शिका, अर्ध्या तासाचं काम आहे आणि सगळं फुकट सॉफ्टवेअरमध्ये होतं.

आधी एफपीएसचा आकडा काय लपवतो ते बघा

स्क्रीनच्या कोपऱ्यात जो एफपीएसचा आकडा दिसतो तो साधारण एका सेकंदाची गोळाबेरीज असते. त्या सेकंदात किती फ्रेम आल्या ते तो सांगतो, त्या कशा आल्या ते सांगत नाही. फ्रेम टाइम म्हणजे एका फ्रेमनंतर दुसरी फ्रेम यायला किती मिलिसेकंद लागले ते. दोघांचं नातं एवढंच:

```
FPS = 1000 / frametime (ms)
```

म्हणजे 60 एफपीएस हवे असतील तर दर फ्रेमला 16.7 मिलिसेकंद मिळतात, 30 साठी 33.3, आणि 144 हर्ट्झचा मॉनिटर पूर्ण वापरायचा तर जेमतेम 6.9.

आता हे उदाहरण नीट बघा, सगळा विषय यातच आहे. एका सेकंदात 60 फ्रेम आल्या आणि प्रत्येकीला 16.7 मिलिसेकंद लागले, तर काउंटर 60 दाखवतो आणि गेम लोण्यासारखा चालतो. दुसऱ्या पीसीवर त्याच सेकंदात 59 फ्रेम 15-15 मिलिसेकंदात आल्या, म्हणजे 885 मिलिसेकंद गेले, आणि उरलेली एकच फ्रेम 115 मिलिसेकंद खाऊन बसली. बेरीज पुन्हा 1000, काउंटर पुन्हा 60. पण त्या 115 मिलिसेकंदात स्क्रीन गोठलेली होती आणि तुमच्या डोळ्याला ते बरोबर कळलं. काउंटर खोटं बोलत नाहीये, त्याला विचारलेलाच प्रश्न वेगळा आहे. जळगावहून धुळ्याला दोन गाड्या निघाल्या, एक सगळ्या रस्त्याने सावकाश पण न थांबता गेली आणि दुसरी सुसाट गेली पण एरंडोल, पारोळ्याला थांबत थांबत, तर पोहोचायची वेळ सारखी असू शकते, आत बसलेल्याचा अनुभव सारखा नसतो.

ग्राफ स्क्रीनवर आणायचा कसा

विंडोजवर सगळ्यात सोपं म्हणजे `MSI Afterburner` आणि त्याच्यासोबतच येणारं `RivaTuner Statistics Server`. दोन्ही फुकट आहेत, इन्स्टॉल करताना दुसऱ्यावर पण टिक ठेवा कारण स्क्रीनवर जे काही दिसतं ते खरं तर तेच काढतं. आफ्टरबर्नर उघडलं की सेटिंग्जमध्ये जाऊन `Monitoring` टॅब उघडा, तिथे मोठी यादी आहे, त्यात `Frametime` ओळ शोधून टिक करा, ती ओळ सिलेक्ट असतानाच खाली `Show in On-Screen Display` वर टिक करा आणि बाजूला `text` च्या जागी `graph` निवडा. बरेच जण इथेच चुकतात, नुसता टेक्स्ट ठेवतात, मग मिलिसेकंदाचा आकडा दिसतो पण रेघ दिसत नाही आणि झटक्याच्या वेळी आकडा वाचायला वेळच मिळत नाही.

त्याच यादीतून आणखी चार गोष्टी स्क्रीनवर आणा, यांना टेक्स्टच ठेवला तरी चालेल: `GPU usage`, `Memory usage` म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, `RAM usage`, आणि कार्ड-प्रोसेसरचं तापमान. याहून जास्त आकडे लावू नका, सुरुवातीला स्क्रीन भरून जाते आणि रेघेकडे लक्षच राहत नाही.

मग ग्राफची उंची ठरवायची. फ्रेम टाइमच्या त्याच सेटिंगमध्ये ग्राफची खालची आणि वरची मर्यादा देता येते. वरची मर्यादा 200 असेल तर 15 आणि 30 मिलिसेकंदाच्या रेघा जवळजवळ सारख्याच दिसतात, सगळं सपाट वाटतं आणि माणूस म्हणतो माझा ग्राफ तर छान आहे. उलट 20 ठेवली तर झटक्यांची शेंडी कापली जाते, 40 चा झटका आणि 140 चा झटका सारखाच दिसतो. 60 एफपीएसच्या आसपास खेळत असाल तर 0 ते 50 ठेवा, झटके फारच मोठे असतील तर 100 करा, पण एकदा ठरवली की तपासणी संपेपर्यंत बदलू नका नाहीतर आधीचा आणि नंतरचा ग्राफ एकमेकांशी जुळवता येणार नाही. आणि दुसऱ्याचा ग्राफ बघताना पण आधी बाजूची मापं बघा, मगच रेघ बघा.

टेस्ट करायची पद्धत

गेममध्ये एक ठराविक मिनिटभराचा रस्ता निवडा. ओपन वर्ल्ड गेम असेल तर एका जागेवरून गाडी काढून ठरलेल्या वळणांनी शहरातून जायचं, शूटिंग गेम असेल तर मॅपच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. तोच रस्ता, तेच सेटिंग, आणि कमीत कमी दोनदा. दोनदा का, तर पहिल्या फेरीत येणारे काही झटके दुसऱ्या फेरीत आपोआप जातात, आणि कोणते गेले कोणते राहिले यावरूनच अर्धं निदान होतं. मेनूमध्ये उभं राहून किंवा भिंतीकडे तोंड करून काढलेल्या ग्राफला काही अर्थ नाही.

आता रेघेला दोन प्रश्न विचारायचे, आणि या क्रमानेच विचारायचे. पहिला, रेघ साधारण किती उंचीवर चालते? दुसरा, त्या उंचीवरून ती किती वेळा आणि किती वर उडी मारते?

रेघ 28-30 वर चालली आहे पण ताणलेल्या दोरीसारखी सरळ आहे, तर तुमच्याकडे स्टटर नाही, अॅव्हरेज कमी आहे, साधारण 34-35 एफपीएस. रेघ 15 वर आहे पण त्यातून मध्ये मध्ये 80, 100, 140 चे खिळे वर निघतात, तर अॅव्हरेज उत्तम आहे आणि स्टटर आहे. दोन्ही एकत्र पण असतं, जुन्या पीसीवर बहुतेक वेळा असतंच, तेव्हा एकेक वेगळं सोडवायचं. बारीक थरथर प्रत्येक गेममध्ये असते, 15 ची 17-18 झाली म्हणून घाबरू नका. रेघेच्या नेहमीच्या उंचीच्या दुप्पट उडी गेली की जाणवायला लागतं आणि 15 वरून 50 च्या पुढे गेली की कोणालाही दिसतं.

उंचीचा प्रश्न असेल तर इलाज सरळ आहे. रिझोल्यूशन 1080 वरून 720 करून तोच रस्ता परत फिरा. रेघ खाली उतरली तर कार्ड कमी पडतंय, अशा वेळी `GPU usage` पण 97-99 टक्क्यांवर दिसेल, मग शॅडो वगैरे कमी करा किंवा खरंच कार्ड बदलायचा विचार करा, इथे तो पैसा कामी येतो. रेघ जागची हललीच नाही तर कार्ड रिकामं बसलंय आणि प्रोसेसर त्याला काम पुरवू शकत नाहीये. इथे एक सांभाळा, प्रोसेसरचा एकूण वापर 45 टक्के दिसतो म्हणून प्रोसेसर मोकळा आहे असं समजू नका, गेमचं मुख्य काम एका-दोन कोरवर चालतं आणि ते कोर भरलेले असताना बाकीचे रिकामे असल्यामुळे एकूण आकडा कमी दिसतो.

खिळ्यांचा प्रश्न जास्त खोल आहे, आणि तो एका खऱ्या पीसीवरून सांगतो.

अमळनेरचा पीसी

माझ्या आतेभावाने अमळनेरला सेकंडहँड पीसी घेतला. चार कोरचा जुना आय-फाइव्ह, 8 जीबी रॅम, 4 जीबीचं जीटीएक्स 1650, आणि सगळे गेम हार्ड डिस्कवर. फोन आला, "भाऊ, गेम अटकी ऱ्हायना", आणि दुकानदाराने त्याला कार्ड बदलायला सांगितलं होतं. काउंटर 58 ते 62 दाखवत होता म्हणून त्याला स्वतःलाच कळेना की तक्रार नेमकी काय करायची.

ओपन वर्ल्ड गेम होता. ग्राफ लावून गावाबाहेरून शहरात येणारा रस्ता घेतला. पहिल्या फेरीत रेघ 15 वर, आणि शहरात शिरल्यावर दर काही सेकंदाला खिळा, लहान 40 चे आणि मोठे 90 ते 140 चे. म्हणजे अॅव्हरेजचा प्रश्न नाही हे तिथेच कळलं. तोच रस्ता गेम बंद न करता परत फिरलो तर धमाके-स्फोटाच्या वेळचे झटके गेले होते. हे शेडर कंपाइलचे झटके, एखादा इफेक्ट पहिल्यांदा स्क्रीनवर यायचा असतो तेव्हा कार्डासाठी त्याचा कोड तयार करावा लागतो आणि तेवढा वेळ फ्रेम अडते, एकदा तयार झाला की साठवून ठेवला जातो. त्याच्यावर काही करायचं नसतं, खेळत राहिलं की कमी होतात, फक्त ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट केला की साठा बऱ्याचदा पुसला जातो आणि दोन दिवस परत तेच होतं, तेव्हा नवीन ड्रायव्हरने पीसी बिघडवला असा अर्थ काढू नका.

बाकीचे खिळे राहिले आणि जवळजवळ त्याच वळणांवर राहिले. मग टेक्स्चर सोडून सगळं ग्राफिक्स हाय वरून लो केलं. रेघ 15 वरून 11 वर आली, काउंटर 80 च्या पुढे गेला, पण खिळे तेवढेच उंच आणि तिथेच. ही टेस्ट मला सगळ्यात मोलाची वाटते, कारण नवं कार्ड घेतल्यावर जे झालं असतं तेच आपण फुकटात करून बघितलं: कार्डावरचं ओझं कमी केलं, रेघ खाली आली, झटका तसाच राहिला. दुकानदाराचा सल्ला इथे बाद झाला.

सेटिंग परत हाय केलं आणि आता फक्त टेक्स्चर एक पायरी खाली. कार्डाची मेमरी आधी 3.9 जीबीला टेकलेली होती, ती 3.1 वर आली, आणि 40 चे लहान खिळे, जे कॅमेरा पटकन फिरवला की यायचे, ते गेले. कार्डाची मेमरी भरली की टेक्स्चर साध्या रॅममधून ओढून आणावे लागतात आणि तो रस्ता खूप हळू असतो, म्हणून कॅमेरा फिरवताना झटका. 4 जीबीच्या कार्डावर नवीन गेममध्ये हे फार सर्रास आहे आणि टेक्स्चर एक पायरी कमी केल्याने चित्रात फारसा फरकही पडत नाही.

मोठे राहिले होते. ते गाडी वेगात असताना नव्या भागात शिरल्यावरच यायचे, पायी चाललं की यायचे नाहीत, आणि त्या वेळी 8 जीबीपैकी 7.6 जीबी रॅम भरलेली. मागे ब्राउझर उघडा होता. म्हणजे गेमला पुढचा भाग हार्ड डिस्कवरून आणायचाय, रॅममध्ये जागा नाही, डिस्क हळू, फ्रेम अडते. ब्राउझर बंद केला तर खिळे 140 वरून 70-80 वर आले, मग साधी साटा एसएसडी लावून गेम तिच्यावर टाकला तेव्हा कुठे बहुतेक खिळे 30 च्या आत आले. अॅव्हरेज किती वाढलं म्हणाल तर चार-पाच एफपीएस, काउंटर बघणाऱ्याला काही बदललंच नाही असं वाटेल. पण गेम खेळणाऱ्याला तो वेगळाच पीसी वाटतो. पुढे जमेल तसा रॅमचा दुसरा स्टिक टाकायचं ठरलं आहे.

एकेक गोष्ट बदलायची आणि मध्ये फेरी मारायची, हे कंटाळवाणं वाटतं तरी करा. तीन गोष्टी एकदम बदलल्या असत्या तर झटके गेले असते पण कशाने गेले ते कळलं नसतं.

रेघेचे आणखी तीन आकार

पायरीसारखी रेघ. सुरुवातीला 14 वर सरळ, वीस-पंचवीस मिनिटांनी 20 वर चढते आणि तिथेच सरळ राहते. हा स्टटर नाही. हे तापमान आहे, आणि आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये लॅपटॉपवर हमखास दिसतं, भुसावळ-जळगावला बाहेर 44-45 डिग्री असताना खोलीतलीच हवा इतकी गरम असते की पंखे कितीही ओरडले तरी प्रोसेसर नाहीतर कार्ड स्वतःचा वेग कमी करून घेतं. तापमानाचा आकडा आणि पायरी एकाच वेळी चढतात का ते बघा. म्हणून उन्हाळ्यात टेस्ट करताना पाच मिनिटांवर निकाल देऊ नका, अर्धा तास चालू द्या. लॅपटॉपवर अशीच पायरी लाइट गेल्यावरही येते, पण ती क्षणात येते, कारण बॅटरीवर कार्डाला पूर्ण वीज मिळत नाही आणि काही लॅपटॉप तर बॅटरीवर 30 एफपीएसची मर्यादाच घालतात, रेघ सरळ 33 वर जाऊन बसते.

कंगव्यासारखी रेघ. दोन फ्रेम 16.7, पुढची 33.3, परत दोन 16.7, असे दात. 60 हर्ट्झच्या मॉनिटरवर व्हीसिंक, म्हणजे फ्रेम मॉनिटरच्या फेरीशी जुळवून दाखवायचं सेटिंग, चालू असताना कार्डाला फ्रेमला साधारण 22 मिलिसेकंद लागत असतील तर काही फ्रेमची वेळ चुकते आणि त्यांना मॉनिटरच्या पुढच्या फेरीपर्यंत थांबावं लागतं. काउंटर 45 वगैरे दाखवतो, जो ऐकायला वाईट नाही, पण डोळ्याला सतत खरखर जाणवते. सेटिंग थोडं कमी करून फ्रेम 16 च्या आत आणा, ते जमत नसेल तर रिव्हाट्यूनरमध्ये `Framerate limit` 30 करून बघा, आकडा घटतो पण रेघ सरळ होते, आणि हळू चालणाऱ्या गेममध्ये मला तरी सरळ 30 हे खरखरणाऱ्या 45 पेक्षा बरं वाटतं.

ठराविक अंतराने येणारा खिळा. तुम्ही काहीही करत असा, उभे असा की पळत असा, दर दोन सेकंदाला एक. गेममधल्या जागेशी त्याचा संबंध नाही म्हणजे बहुतेक वेळा मागे चालणारं काहीतरी आहे, लाइटिंगचं सॉफ्टवेअर, सेन्सर वाचणारं दुसरं मॉनिटरिंग सॉफ्टवेअर, असं काही. एकेक बंद करत जा. आफ्टरबर्नरमध्येच पन्नास गोष्टींवर टिक असेल तर ते स्वतःच कारण असू शकतं.

ग्राफ कुठे कामाचा नाही

ऑनलाइन गेममध्ये समोरचा खेळाडू उड्या मारत सरकतो, तुमच्या गोळ्या उशिरा लागतात, आणि तरी रेघ सपाट आहे, तर पीसीला हात लावू नका. फ्रेम टाइमला इंटरनेटचं काही कळत नाही, ते पिंगचं दुखणं आहे आणि राउटर किंवा लाइनकडे बघायचं. तसंच, कार्डाच्या वापराचा आकडा साधारण सेकंदातून एकदा बदलतो, म्हणून 100 मिलिसेकंदाच्या खिळ्याच्या नेमक्या वेळी कार्ड काय करत होतं ते त्या आकड्यावरून शोधायला जाऊ नका, तो आकडा फक्त रेघेच्या उंचीसाठी वापरा.

डोळ्याने बघून झालं की नोंद ठेवायला `CapFrameX` घ्या, हेही फुकट आहे, गेममध्ये `F11` दाबलं की रेकॉर्डिंग सुरू होतं, वेळ 60 सेकंद ठेवा, म्हणजे आधीची आणि नंतरची फेरी शेजारी ठेवून बघता येते. ते तुम्हाला 1 टक्का लो असाही आकडा देईल, साधारण सगळ्यात वाईट 1 टक्का फ्रेमच्या वेळी एफपीएस किती होते तो. अॅव्हरेज 60 आणि 1 टक्का लो 50 म्हणजे रेघ सरळ आहे, अॅव्हरेज 60 आणि लो 18 म्हणजे खिळे आहेत, एवढं पहिल्या नजरेत कळतं. पण मिनिटभरात 3600 फ्रेम येतात, त्यातला 1 टक्का म्हणजे 36 फ्रेम, आणि मिनिटात पाचच मोठे झटके असतील तर ते 36 मध्ये बुडून जातात, आकडा बरा दिसतो आणि खेळताना मात्र पाच वेळा गोठलेलं असतं. म्हणून आकड्यानंतर ग्राफ उघडाच. शिवाय हा आकडा प्रत्येक सॉफ्टवेअर एकाच पद्धतीने काढत नाही, कोणी त्या वाईट फ्रेमची सरासरी घेतं तर कोणी फक्त त्या हद्दीवरची एक फ्रेम, त्यामुळे तुमचा एका सॉफ्टवेअरमधला लो आणि मित्राचा दुसऱ्यातला लो एकमेकांशी लावून बघू नका, तुलना करायची तर दोघांनी एकच सॉफ्टवेअर आणि एकच रस्ता घ्यायचा.